बहाला ना

ताताय बांधावर उकिडवे बसले होते. त्यांनी एक लोंबी ओरबाडली, तळहातावर दाणे चोळले, एक दाणा दातांखाली धरून फोडला आणि थुंकून टाकला. मग आभाळाकडे न बघता, माझ्याकडेही न बघता म्हणाले, "बहाला ना."

तारीख होती १६ ऑक्टोबर २०१५, वार शुक्रवार. जागा फिलिपिन्समधल्या लुझोन बेटावरचा नुएव्हा एसिहा प्रांत, म्हणजे त्या देशाचं भाताचं कोठार. मी तेव्हा लॉस बान्योसच्या भात संशोधन संस्थेत होतो आणि कापणीनंतर भाताची नासाडी कुठे आणि किती होते ते मोजायला या गावात येऊन-जाऊन राहत होतो. त्या रात्री वहीत मी लिहिलं : "शेतकरी दैववादी. वादळ दोन दिवसांवर आलंय आणि म्हणतात, देवाच्या हवाली." ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानाची लाज वाटते म्हणूनच ठेवली आहे.

'बहाला ना' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपलं 'बहाल' आठवलं होतं, पदवी बहाल केली त्यातलं. त्याचा इथे काही संबंध नाही. उच्चारही वेगळा. मधल्या 'हा'वर जोर येतो आणि शेवटचा 'ला' घशात एकदम अडतो, जणू बोलणाऱ्याने पुढचं काही गिळलं. आणि खरंच काहीतरी गिळलेलं असतं, ते पुढे सांगतो. आधी ते शेत.

ताताय म्हणजे बाबा. ते काही माझे बाबा नव्हते, पण तिकडे घरातल्या वडीलधाऱ्याला सगळेच ताताय म्हणतात. त्यांची दीड हेक्टर जमीन दोन तुकड्यांत होती. वरचा तुकडा ०.६ हेक्टरचा, रस्त्याला लागून. खालचा ०.९ हेक्टरचा, ओढ्याच्या कडेला. पाण्याची पाळी उशिरा मिळाल्यामुळे खालची लावणी बारा दिवस मागे पडली होती. ते बारा दिवस आता महाग पडणार होते.

भात कापायला कधी आलं ते ओळखायची रीत जगभर साधारण एकच आहे. लोंबीतले शंभरातले ऐंशी ते पंच्याऐंशी दाणे गवती पिवळे झाले की कापायचं. त्या वेळी दाण्यात वीस ते पंचवीस टक्के ओल असते. त्याआधी कापलं तर हिरवे, पोचट दाणे येतात आणि गिरणीत त्यांचा चुरा होतो. उशीर केला तर दाणे शेतातच गळतात. आम्ही त्या दिवशी दोन्ही तुकड्यांत ठिकठिकाणच्या लोंब्या घेऊन दाणे मोजले. वर बरोबर ऐंशी भरले. खाली सत्तरसुद्धा नाही.

'लांदो' वादळ रविवारी पहाटेच्या सुमारास पूर्व किनाऱ्यावर धडकेल असं हवामान खातं सांगत होतं. त्या खात्याचं नाव पागासा. ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत, पण तगालोग भाषेत 'पाग-आसा' म्हणजे आशा, आणि त्यातला 'आसा' ही आपलीच 'आशा'. हवामान खात्याचं नाव आशा ठेवणारे लोक दैववादी कसे, हा प्रश्न मला त्या शुक्रवारी पडायला हवा होता. पागासाचा खरा इशारा वाऱ्याचा नव्हता, वेगाचा होता : वादळ धिम्या गतीने जाणार, एकाच जागी रेंगाळणार, पाऊस दिवसच्या दिवस पडत राहणार. भाताच्या शेतकऱ्याला जोराच्या वाऱ्यापेक्षा याची भीती जास्त. आडवं झालेलं भात वेचून काढता येतं. तीन-चार दिवस पाण्यात राहिलेल्या भाताला मात्र लोंबीतच मोड येतात.

कापणी यंत्र सबंध परिसरात मोजकी, आणि सगळ्यांना ती एकाच दिवशी हवी होती. तातायना शनिवारी सकाळी सात ते अकरा अशी वेळ मिळाली. चार तासांत एकच तुकडा होणार. मग वरचा की खालचा?

रात्री जेवताना त्यांनी मला सरळ विचारलं. माझ्याबरोबर संस्थेतल्या एक बाई होत्या, मी त्यांना 'आते' म्हणायचो, म्हणजे ताई. (मला त्यात दर वेळी आत्याच ऐकू यायची.) आतेने प्रश्न उलगडून सांगितला : "तू भाताचा माणूस. तू सांग, कुठला कापायचा?"

मला उत्तर माहीत होतं, निदान पुस्तकातलं तरी. पिकलेला कापा, हिरव्याला राहू द्या. पण पुस्तकातलं उत्तर देताना ओढ्याकाठचा तो मोठा तुकडा डोळ्यांसमोर येत होता. उद्या मी म्हटलं 'वरचा', आणि खालचा वाहून गेला तर? मग मी सहा महिन्यांत कमावलेल्या तगालोगमधलं सगळ्यांत अदबीचं वाक्य जुळवलं : "कायो ना पो आंग बहाला." तुम्हीच ठरवा, तुमच्यावर आहे. 'पो' हे आपल्या 'हो'सारखं आदराचं शेपूट, ते आठवणीने लावलं. ताताय मान हलवून हसले. नानाय, म्हणजे त्यांची बायको, हसली नाही.

त्या शब्दाची कुळकथा मी नंतर शोधली. तिकडे कुणालाही विचारा, सांगतील की बहाला म्हणजे 'बाथाला', स्पॅनिश लोक येण्याआधीचा तगालोग लोकांचा थोरला देव. 'बाथाला ना', म्हणजे आता देवच. ऐकायला छान आहे आणि बाथाला हे नाव संस्कृत 'भट्टार'वरून, म्हणजे आपल्या भट्टारकाच्या घराण्यातलं. पण अनेक अभ्यासक 'बहाला'साठी दुसरीकडे बोट दाखवतात, ते थेट संस्कृत 'भार'कडे. तिथल्या जिभेवर आपला 'भ' फुटून 'बह' होतो आणि 'र'चा 'ल' होतो. वार्तेची तशीच 'बालिता' झाली आहे, आजही तिकडे बातम्यांना तेच म्हणतात. हे मलय बेटांवरून गेलेले शब्द आहेत. लागुना प्रांतात १९८९ साली नदीच्या गाळात एक ताम्रपट सापडला. फिलिपिन्समधला हा सर्वांत जुना ज्ञात लेख. त्याची सुरुवात 'स्वस्ति' या शब्दाने होते आणि तारीख आहे शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयाने लगेच ओळखावी अशी. मजकूर काय, तर एका माणसाच्या डोक्यावरचं सोन्याचं कर्ज फिटलं, त्याचे वंशज मोकळे झाले. म्हणजे त्या देशाचा पहिला लेखी कागद भार उतरल्याचा आहे.

तर बहाला म्हणजे भार, जबाबदारी. एकदा हे कळलं की त्या भाषेतले शब्द भराभर ओळख देतात. 'पामाहालाआन' म्हणजे सरकार; आपण 'कारभार' म्हणतो त्यातही भार आहेच. 'नाबाबाहाला' म्हणजे काळजीत पडलेला. 'वालांग-बहाला', ज्यात भारच नाही, ती बेफिकिरी. सरकार, काळजी आणि बेफिकिरी एकाच मुळातून आलेली बघून कुठल्याही देशाच्या माणसाला हसू यावं.

व्याकरणातली गंमत याहून मोठी आहे. 'ना' म्हणजे 'आता', 'झालं आता' या अर्थाचा. 'अको आंग बहाला' म्हटलं की भार माझ्यावर, मी बघतो. 'इकाव आंग बहाला', भार तुझ्यावर. 'बहाला का', तर मग बस, तुझं तू निस्तर. हे आई रागावली की म्हणते. 'दियोस ना आंग बहाला', देवावर. या सगळ्या वाक्यांत खांदा कुणाचा ते सांगितलेलं आहे. फक्त 'बहाला ना'मध्ये नाही. भार आहे, आता आहे, आणि उचलणारा गायब. घशात अडून गिळलेलं असतं ते हे. फिलिपिनो लोक त्या रिकाम्या जागेची थट्टाही करतात : 'बहाला ना सी बॅटमॅन', आता बॅटमॅनच बघून घेईल. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलं हटकून हे म्हणतात. रिकामी जागा आहे म्हणूनच त्या दोन शब्दांत हिंमतही मावते, शरणागतीही मावते आणि पळवाटही. कोण उचलणार ते वाक्यात नसतं, ते माणसाकडे बघून ओळखावं लागतं.

माझ्या आधीही पुष्कळांनी वहीत माझ्यासारखंच लिहिलं होतं. १९६८ साली 'सिलिमन जर्नल'मध्ये लिन बोस्ट्रम यांनी या वृत्तीची तुलना अमेरिकन दैववादाशी केली होती. परकी नजर आणि तिच्या तालमीत शिकलेले देशी लोक बहाला नाला फिलिपिनो माणसाचा दोष मानत आले. त्याला पहिला ठोस धक्का दिला आल्फ्रेदो लागमाय यांनी. हे मानसशास्त्रज्ञ हार्वर्डला वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या हाताखाली शिकून आलेले, म्हणजे भावनेच्या भरात देशाभिमान मिरवणारे नव्हेत. माणसं हे शब्द नेमके कधी उच्चारतात ते त्यांनी तपासलं आणि १९७७ मध्ये मांडलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माहिती अपुरी आहे, निकाल हातात नाही, आणि तरी काहीतरी करायचं आहे, अशा वेळी हे शब्द येतात. म्हणणारा प्रसंगातून निघून जात नाही, तिथेच थांबतो आणि स्वतःला पुढे ढकलतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातल्या फिलिपिनो जवानांची एक टेहळणी बटालियन होती. तिचे लोक पाणबुड्यांतून जपानव्याप्त बेटांवर गुपचूप उतरत. त्या बटालियनचं ब्रीद होतं 'बहाला ना'. दैवावर सोडून बसणारी माणसं पाणबुडीत चढत नाहीत.

लागमाय वाचताना मला तुकोबांची ओळ आठवली. आपण ती इतक्या वेळा म्हणतो की तिच्यातलं काही ऐकू येईनासं झालंय : "आलिया भोगासी असावे सादर, देवावरी भार घालूनिया." भार तिथेही आहेच. आणि आपण निम्मे लोक 'देवावरी भार' एवढंच ऐकतो, 'सादर' ऐकत नाही. सादर म्हणजे हजर. पळून न गेलेला.

तरी लागमाय यांचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही, आणि त्याचं कारण तातायांच्या घरातच होतं. त्यांच्या थोरल्या मुलाला सगळे कुया म्हणत, दादा. पीक विम्यासाठी तालुक्याच्या कृषी कचेरीत नाव नोंदवायचं काम त्याच्याकडे होतं. कागद जूनपासून देव्हाऱ्यातल्या सांतो निन्योच्या मूर्तीखाली दडपून ठेवलेले. त्याला आठवण केली की म्हणायचा, "बहाला ना." दोन्ही हात खिशात. इथे कुठलीच माहिती अपुरी नव्हती. मोटरसायकल होती, कचेरी वीस मिनिटांवर, फॉर्म भरलेला. लागमाय यांच्या व्याख्येत हा प्रसंग बसत नाही, पण शब्द तेच, आवाजही तोच. मला तर वाटतं, या शब्दांची चटक त्यामुळेच लागते : पाणबुडीतल्या शिपायाचे शब्द वापरून माणसाला घरी झोपता येतं.

शनिवारी सकाळी यंत्र आलं. आभाळ भरलेलं, वारा मात्र पडलेला, पान हलत नव्हतं. चालकाने विचारलं, कुठे लावू? ताताय म्हणाले, "खाली."

मी चमकलो. आतेसुद्धा. हिरवा तुकडा? त्यांनी मग मला समजावलं, अगदी शांतपणे, मातीत काडीने रेघा ओढून. वरचा उंच आहे, रस्त्याकडेचा आहे. वाऱ्याने झोपेल, पण पाणी टिकणार नाही. मग विळ्याने कापून काढता येईल, निम्मा तरी हाती लागेल. खालचा मात्र ओढ्याचा. ओढा चढला की तो ओढ्याचाच. आज हिरवा कापला तर सत्तरातले साठ तरी मिळतील. उद्या शून्य. काडी टाकून ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, "बहाला ना." आणि यंत्राच्या पुढे पुढे चालत चिखलाचा अंदाज घेऊ लागले.

हे कालच्याहून वेगळं होतं. काल हे शब्द हिशेब सुरू होण्याआधी आले होते, आज हिशेब संपल्यावर. की कालही त्यांच्या डोक्यात हिशेब चालूच होता आणि मला तो दिसला नाही? दाणा दाताखाली फोडून बघणं हा हिशेबच तर असतो.

गोष्ट इथे संपती तर ताताय शहाणे आणि पुस्तक खोटं, असं लिहून मोकळा झालो असतो. पण साडेनऊच्या सुमाराला यंत्राचा डावा पट्टा चिखलात रुतला. काढायला तास गेला. अकरा वाजले, चालकाला पुढचं शेत गाठायचं होतं. खालचा तुकडा जेमतेम निम्मा झाला होता. वरचा तसाच उभा. हातात आली चौतीस पोती, ओली, हिरवट, अठ्ठावीस टक्के ओलीची. दहा पोत्यांमागे एक यंत्रवाल्याचं, ते त्याने तिथेच मोजून घेतलं.

ओलं भात पोत्यात ठेवलं की ते जिवंत असल्यासारखं वागतं. दाणे श्वास घेतात, तापतात, बुरशी धरते. एका दिवसाच्या आत पसरायला हवं, आणि साठवायचं तर ओल चौदा टक्क्यांवर आणायला हवी. ऊन असतं तर सगळा गाव करतो तेच केलं असतं : महामार्गाची एक बाजू अडवून डांबरावर दोन-तीन सेंटिमीटरचा थर पसरायचा आणि अर्ध्या अर्ध्या तासाने दाताळ्याने फिरवायचा. मोटारी त्याला वळसा घालून जातात, कुणी कुरकुरत नाही. पण ऊन कुठे होतं? मग गावाच्या बास्केटबॉलच्या मैदानाकडे सगळे धावले. फिलिपिन्समध्ये गाव तिथे बास्केटबॉलचं मैदान, आणि जरा बऱ्या गावात त्यावर पत्र्याचं छप्पर. संध्याकाळपर्यंत तिथे सात घरांचं भात पसरलं होतं. आणि रात्री नऊ वाजता ओढ्याकाठची घरं रिकामी करून माणसं त्याच छपराखाली राहायला आली.

भात की माणसं? गावच्या प्रमुखबाईंनी वाद होऊ दिला नाही. मैदानाच्या मधोमध खडूची रेघ ओढली. एका बाजूला भाताचा थर चार बोटांचा झाला, दुसऱ्या बाजूला चटया. नानाय रेघेवर बसल्या. रात्रभर त्या उठून उठून ढिगात कोपरापर्यंत हात घालायच्या. तापलं का, ते तसंच कळतं. आधी तळहाताला ऊब लागते, मग आंबूस वास येतो, आणि वास आला म्हणजे उशीर झाला. मी दाताळं घेऊन त्यांच्या मागे. माझ्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं, त्या हातानेच सांगायच्या, आणि दोन्हींत फारसा फरक पडत नव्हता.

मध्यरात्रीनंतर तासाभरात लांदो कासिगुरानला धडकलं. आमच्याकडे सिएरा माद्रेच्या डोंगरांनी वारा थोडा अडवला, पाऊस नाही. तो रविवार, सोमवार असा पडत राहिला. पागासाने सांगितलं होतं तसंच, रेंगाळत. वीज गेली होती. अंधारात पत्र्यावरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं, तेव्हा नानाय माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बुंबाय, हप्ता घ्यायला आलास ना, मग झोपू नको."

हा विनोद समजायला थोडं सांगावं लागेल. तिकडे कुणीही भारतीय म्हणजे 'बुंबाय'. बॉम्बेवरून. यात मोटरसायकलवरून गावोगाव फिरून कर्ज देणारे पंजाबी सावकार आले. 'फाइव्ह-सिक्स' म्हणतात त्या धंद्याला, पाच घ्या नि सहा फेडा. मोठा कांदा तोसुद्धा 'सिबुयास बोंबाय'. एवढ्या सगळ्या बुंबायांत मुंबईच्या राज्यातून आलेला मी एकटा. नानायांच्या डोक्यावर अशाच एका सावकाराचा हप्ता होता आणि तो या भातावर फेडायचा होता. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो, त्यांनी हात आडवा केला. "बहाला ना आंग दियोस," म्हणाल्या, देवावर आता. आणि परत हात ढिगात.

ती शरणागती होती का? मला आजही ठरवता येत नाही. शब्द शरणागतीचे होते. हात ढिगात होता.

पाणी ओसरायला गुरुवार उजाडला. खालच्या तुकड्याचा उरलेला निम्मा भाग गेला. लोंब्या चिखलातून काढून बघितल्या तर दाण्यादाण्याला पांढरा कोंब. वरचा तुकडा सगळा आडवा झाला होता, पण पाणी एक दिवसच होतं. माणसं लावून विळ्याने कापला आणि दोन तृतीयांश हाती आला, मजुरी मात्र दुप्पट. मैदानातल्या भातापैकी निम्मं तरलं, निम्मं पिवळं पडलं. व्यापाऱ्याने चांगल्या सुक्याला किलोला सतरा पेसो लावले आणि पिवळ्याला नऊ.

मी हिशेब मांडून पाहिला. शनिवारी यंत्र वर लावलं असतं तर? वरचं सगळं, वाळवायला सोपं, उत्तम भावाचं. खालचं सगळं शून्य. आणि पट्टा रुतला नसता तर? खालचं पूर्ण, पण इतकं भात पसरायला मैदानात जागा कुठून आणली असती? कागदावर दोन्ही पर्यायांत पाच-सात पोत्यांचा फरक येतो, आणि मी पिवळ्याचं प्रमाण किती धरतो त्यावर तो कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. तातायांना दाखवला. त्यांनी कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर मजुरांचे पैसे लिहिले.

कुया त्या आठवड्यात मोटरसायकल घेऊन कृषी कचेरीत गेला. नोंदणी पुढच्या हंगामासाठीच होणार होती. आल्यावर वडलांशी दोन दिवस बोलला नाही. वडीलही त्याला काही म्हणाले नाहीत. 'बहाला का'देखील नाही. मला वाटत होतं, म्हणतील.

मी निघालो तेव्हा नानायांनी पाच किलो तांदूळ बांधून दिला. पिवळ्यातला. "मुद्दाम हाच," त्या म्हणाल्या, "चांगला तर विकला." लॉस बान्योसला मी तो महिनाभर खाल्ला. पिवळ्या तांदळाचा भात मोकळा होतो आणि त्याला किंचित जुनाट वास येतो. वाईट लागत नाही. दर घासाला मला माझं ते अदबीचं वाक्य आठवायचं, 'कायो ना पो आंग बहाला'. व्याकरणात एक चूक नव्हती. पुस्तकातलं उत्तर सांगितलं असतं तर कदाचित चुकलं असतं, कदाचित बरोबर आलं असतं. पण त्यांनी विचारलं होतं ते उत्तर मिळावं म्हणून नव्हेच. विचार करायला बरोबर आणखी एक डोकं हवं होतं. मी आदराचं शेपूट लावून ते काढून घेतलं.

माझं घर कुडाळजवळ. आमच्याकडेही भातच. वरचा कुणगा आणि खालचा कुणगा, खालच्याला वहाळ. आमची आजी उठता-बसता म्हणायची, "देवाक काळजी." लहानपणी मला ते वाक्य विचित्र वाटायचं. देवाला कसली काळजी? बहाला या शब्दात भार आणि काळजी एकत्र राहतात हे कळल्यावर आजीचं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकलं. आपली काळजी उचलून दुसऱ्याच्या अंगणात ठेवायची. पण आजी हे कधी म्हणायची? गाय अडली तेव्हा, रात्रभर तिच्यापाशी बसून, पहाटे. घरात कर्जाची बोलणी सुरू झाली की तेव्हाही म्हणायची, आणि उठून आत जायची.

२०१९ ची दिवाळी. समुद्रात क्यार वादळ तयार होत होतं आणि कोकणात भात कापायला आलेलं. मी पुण्यात. बाबांचा फोन आला.

"झिला, वरचो कुणगो पिकलोहा. खालचो अजून हिरवो आसा. माणसा दोन दिवसाचीच गावतली. खंयचो कापू?"

मी विचारलं, वहाळाला पाणी किती आहे. खालच्यातले किती दाणे पिवळे झालेत, लोंबी काढून मोजा. मांगरात पसरायला जागा किती आहे. बाबा एकेक सांगत गेले. मधे ते शेतावर गेले, परत आले, सांगितलं : शंभरात पंच्याहत्तर. फोनवर वारा ऐकू येत होता.

"खालचो कापा," मी म्हटलं. "आजच. आणि बाबा, चुकला तर माझ्यार. माका शिव्या घाला."

ते थोडा वेळ गप्प राहिले.

"बरा," म्हणाले. "देवाक काळजी." आणि फोन तसाच कानाला धरून आईला हाक मारली, "गो, इळे खंय ठेवलंस?"